पात्राच्या मूर्ख निर्णयावर वाचक चिडतो तेव्हा: दोष की योजना, हे तपासण्याचा क्रम

संपादनासाठी येणाऱ्या कादंबऱ्यांच्या खर्ड्यांत एक बिघाड सतत आढळतो. लेखकाने चार-पाच जणांना हस्तलिखित वाचायला दिलेले असते आणि त्यांतले बहुतेक जण एकाच पानावर अडखळून विचारतात, ‘शहाणीसुरती बाई इथे अशी का वागली?’ यावर काही लेखक तो निर्णयच काढून टाकतात, तर काही जण ‘ती तशीच आहे’ असे सांगून खर्ड्याला हात लावत नाहीत. दोन्ही उपाय निदानाच्या आधीच केलेले असतात. मूर्ख निर्णय हा कथेचा कणा असू शकतो किंवा केवळ लेखकाची सोय असू शकते, आणि कोणता प्रकार आहे हे ओळखल्याशिवाय केलेली दुरुस्ती बऱ्याचदा चांगला भागच बिघडवते.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे वाचकाची चीड कोणाकडे वळली आहे. ‘अगं, नको करूस सही!’ असे म्हणणारा वाचक पात्रावर चिडलेला असतो. त्याला पुढचे दिसते आहे, तिला दिसत नाही किंवा दिसूनही ती थांबत नाही, आणि त्याचा जीव तुटतो. हा वाचक पुस्तक खाली ठेवत नाही. ‘असे कोण करते? पुढचे प्रकरण घडावे म्हणून हे घडवले आहे,’ असे म्हणणारा वाचक मात्र लेखकावर चिडलेला असतो. पात्राच्या हातून चूक झाली असे त्याला वाटत नाही. लेखकाने पात्राचा हात धरून ती चूक करून घेतली असे वाटते.

दुसरे लक्षण नंतरच्या पानांवर दिसते. पहिल्या प्रकारच्या चिडीनंतर पात्राचे हाल वाचकाला अधिक लागतात. दुसऱ्या प्रकारानंतर मात्र पुढचे सगळे दुःख बोथट होते, कारण ते ओढवून आणलेले नसून लादलेले आहे असे त्याच्या मनाने घेतलेले असते. ‘शेवटचा भाग लांबला’, ‘रडगाणे वाटले’ असे शेरे आले, तर बिघाड शेवटच्या भागात शोधण्याआधी मधल्या निर्णयाकडे परत जावे. लांबी पुष्कळदा योग्यच असते. विश्वास आधीच उडालेला असतो.

पुढच्या तपासण्या सर्वांत सोप्या आणि स्वस्त तपासणीपासून सुरू होतात. त्या समजाव्यात म्हणून एका खर्ड्याचे उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवतो. लेखक आणि कादंबरी यांची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत. नायिका सुलभा एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात आहे आणि दिवसभर लोकांची कागदपत्रे तपासते. वडील गेल्यावर गावच्या जमिनीत तिचे नाव वारस म्हणून लागते. नवव्या प्रकरणात ती भावाच्या सांगण्यावरून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाते आणि हक्कसोडपत्रावर सही करते. खर्ड्यात ती कागद न वाचताच सही करते, कारण भावाला घाई असते. वाचकांचा संताप याच जागी झाला होता.

पहिली तपासणी: वाचकाचे नेमके वाक्य मिळवा

याला पैसा लागत नाही, केवळ प्रश्न बदलावा लागतो. ‘हा प्रसंग पटला का?’ असे विचारू नये, कारण त्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे काही मिळत नाही. ‘तिने असे का केले असेल, असे तुम्हाला वाटले?’ असे विचारावे. वाचक चिडूनही कारण सांगू शकला, मग ते लेखकाच्या मनातल्या कारणाहून वेगळे का असेना, तर निर्णयाला आधार आहे असे समजावे. त्याला कारणच सुचले नाही, किंवा सगळ्यांनी ‘कथेसाठी’ हेच कारण दिले, तर बिघाड खरा आहे.

या तपासणीत दुसरीही एक गोष्ट हाती लागते. कुठे खटकले हे सांगताना वाचक सहसा चुकत नाही, पण काय बदलावे हे सांगताना बऱ्याचदा चुकतो. सुलभेच्या बाबतीत दोघांनी ‘तिने सही करूच नये’ असे सुचवले. तसे केले असते तर कादंबरीच उरली नसती. म्हणून जागा वाचकाकडून घ्यावी आणि उपाय स्वतः शोधावा.

दुसरी तपासणी: त्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे

कागदावर दोन रकाने आखावेत. एकात निर्णयाच्या पानापर्यंत वाचकाला कळलेल्या गोष्टी लिहाव्यात, दुसऱ्यात पात्राला कळलेल्या. पात्र मूर्ख वाटण्याचे सर्वांत सर्रास कारण इथेच सापडते. वाचकाने जे पाहिले ते पात्राने पाहिलेले नसते, आणि अनेक पाने उलटल्यावर हा फरक वाचकाच्या लक्षात राहत नाही.

सुलभेच्या खर्ड्यात सहाव्या प्रकरणात भाऊ एका खरेदीदाराकडून जमिनीचा इसार घेताना दिसतो. तो प्रसंग भावाच्या बाजूने सांगितला होता आणि सुलभा तिथे नव्हती. नवव्या प्रकरणापर्यंत वाचकाच्या डोक्यात ‘भाऊ जमीन विकणार आहे’ एवढेच पक्के बसले होते, त्यामुळे सुलभेलाही ते माहीत असायला हवे असे त्याला वाटत राहिले. यावर दोन उपाय होते. पहिला म्हणजे इसाराचा प्रसंग सहीनंतर नेणे, म्हणजे वाचकाला फसवणूक तिच्याबरोबरच कळेल. दुसरा म्हणजे तो जागेवर ठेवणे, पण सहीच्या अगोदर तिच्या अजाणतेपणाची आठवण करून देणे आणि हे अंतर फार लांबू न देणे. वाचकाला ठाऊक असलेली आणि पात्राला नसलेली गोष्ट ताण निर्माण करते, पण तो ताण तीन-चार प्रकरणे खेचला की त्याचे रूपांतर कंटाळ्यात होते आणि दोष पात्राच्या बुद्धीवर येतो.

लेखकाने पहिला उपाय निवडला. खर्ड्यात एक प्रसंग केवळ पुढे सरकला, दुसरे काही बदलावे लागले नाही, आणि पुन्हा वाचायला दिल्यावर निम्म्या तक्रारी संपल्या. बरीच हस्तलिखिते एवढ्यावरच दुरुस्त होतात. म्हणून पात्राचा स्वभाव नव्याने लिहायला बसण्याआधी हे दोन रकाने आखलेच पाहिजेत.

तिसरी तपासणी: समोरचा सोपा मार्ग बंद झाला आहे का

उरलेली तक्रार अशी होती की, जी बाई रोज गहाणखते वाचते ती स्वतःचा कागद न वाचता सही कशी करते? इथे वाचक बरोबर होता. भावाची घाई हे कारण लेखकाच्या सोयीचे होते, सुलभेचे नव्हते. वाचकाला एखादा सोपा पर्याय दिसत असेल, जसे एक फोन करणे, कागद घरी नेणे किंवा दोन दिवस मागणे, तर तो पर्याय पात्रालाही दिसलाच पाहिजे. त्यानंतर परिस्थितीने तो बंद करावा किंवा पात्राने स्वतःच्या कारणासाठी नाकारावा. पात्राला तो सुचलाच नाही, ही तिसरी शक्यता लहान मुलाच्या किंवा भेदरलेल्या माणसाच्या बाबतीत चालते. जाणत्या माणसाच्या बाबतीत क्वचितच चालते.

दुरुस्तीत सुलभा तो मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते. ‘विनामोबदला’ हा शब्द ती वाचते आणि क्षणभर तिथे थांबते. दुसऱ्या पानावर एक गट नंबर चुकलेला तिच्या लक्षात येतो. ती लेखनिकाला तो दुरुस्त करून पान पुन्हा काढायला लावते, नवे पान पडताळते, फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर बसते, अंगठा देते आणि सही करते. आता ती मूर्ख वाटत नाही. ती भावाचा कागद अधिक भक्कम करून देते, आणि हे पाहताना वाचकाच्या पोटात गोळा येतो. निर्णय तोच राहिला, फक्त तो अज्ञानातून उचलून जाणिवेत आणला गेला. निर्णय मुद्दाम योजलेला असेल, तर पात्राला जितके अधिक कळू द्याल तितका तो बळकट होतो. तो लेखकाची सोय असेल, तर पात्राला थोडेही कळू दिले की कोसळतो. ही कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते.

चौथी तपासणी: या चुकीतून पात्र काय विकत घेते

इथून काम महाग होते, कारण दुरुस्ती एका पानावर संपत नाही. जाणूनबुजून केलेल्या प्रत्येक मूर्ख निर्णयातून त्या घटकेला काहीतरी मिळत असते, मग तो मान असो, शांतता असो, एखाद्याचे प्रेम असो किंवा नुसती सुटका असो. ते काय आहे हे लेखकाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे, आणि त्याची पेरणी निर्णयाच्या बरीच आधी झालेली असली पाहिजे. निर्णयानंतर लगेच दिलेले स्पष्टीकरण वाचकाला सबबीसारखे वाटते.

सुलभेची आई भावाकडे राहते. लेखकाच्या मनात कारण होते ते एवढेच: हिस्सा मागितला तर त्या घरातले आईचे दिवस कठीण होतील. खर्ड्यात मात्र ते कुठेच नव्हते. म्हणून दुसऱ्या प्रकरणात फोनवरचे एक लहान संभाषण आले. आई नेहमीच्या आवाजात बोलत असते. मागे भांडे वाजते, कोणीतरी खोलीत येते, आणि आई मध्येच ‘सगळं छान आहे हो इथे’ असे मोठ्याने म्हणून विषय बदलते. सुलभा काही बोलत नाही, पण त्यानंतर ती आईला फोन करते तो सून बाजारात गेल्याची वेळ पाहून. नवव्या प्रकरणात आईचा उल्लेखही करावा लागला नाही.

या तपासणीसाठी मी लेखकांना महाभारतातले सभापर्व पुन्हा वाचायला सांगतो, कारण युधिष्ठिराच्या द्यूताइतका वाचकाला चिडवणारा निर्णय आपल्या परिचयात दुसरा नाही, आणि तो किती काळजीने बांधला आहे हे तपशिलात गेल्याशिवाय कळत नाही. निमंत्रण घेऊन आलेला विदुर द्यूत अनर्थाचे मूळ आहे असे स्वतःच सांगतो. युधिष्ठिर तिथे कोण खेळणार आहेत हे विचारतो, शकुनीसह नावे ऐकतो आणि हे कपटी खेळाडू आहेत हे ओळखतो. म्हणजे माहितीचा रकाना भरलेला आहे. तरीही तो जातो. आव्हान आल्यावर मागे फिरायचे नाही हे त्याचे व्रत आहे, आणि बोलावणे धृतराष्ट्राचे, म्हणजे वडिलधाऱ्याचे आहे. सोपा मार्ग त्याला दिसतो आणि त्याच्याच स्वभावातल्या सर्वांत चांगल्या मानल्या गेलेल्या गुणाने तो बंद होतो.

पुढे वनपर्वात द्रौपदी आणि भीम त्याला फटकारतात, तेव्हा उत्तर देताना तो कबूल करतो की दुर्योधनाचे राज्य हिरावून घेण्याच्या इच्छेने आपण फासे हाती घेतले होते. ही कबुली निर्णयाच्या पुष्कळ नंतर येते आणि तरी सबब वाटत नाही, कारण तिने दोष कमी होत नाही, उलट वाढतो. कारण मागाहून उघड करायचेच असेल, तर ते पात्राला अधिक अपराधी ठरवणारे असावे.

पाचवी तपासणी: चूक झाली हे संहितेला ठाऊक आहे का

वाचकाचा आक्षेप कथेच्या आत कोणी तरी उच्चारला पाहिजे. सभापर्वात डाव चालू असतानाच विदुर बोलतो. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हा द्रौपदीचा प्रश्न त्या निर्णयाच्या मुळावर घाव घालतो. विकर्ण भर सभेत उभा राहून तिची बाजू मांडतो. वाचकाला जे ओरडून सांगावेसे वाटते ते तिथे आधीच सांगितले गेले आहे, आणि त्यामुळे त्याची चीड रचणाऱ्यावर न जाता सभेत बसलेल्यांवर जाते. उलट, ज्या कादंबरीत नायकाच्या उघड मूर्खपणाला आजूबाजूचे सगळे त्याग म्हणून गौरवतात, तिथे वाचकाला आपण एकटेच शुद्धीवर आहोत असे वाटू लागते.

मात्र हा आक्षेप लेखकाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानासारखा येऊ नये. तो ज्याला त्या निर्णयाचा चटका बसतो त्याच्या तोंडून, त्याच्या स्वार्थासह यावा. सुलभेच्या कादंबरीत तो तिच्या मुलीच्या तोंडी आला. तिला शिक्षणासाठी पैसे हवे होते, म्हणून तिचे बोलणे रास्तही होते आणि थोडे लागणारेही.

सहावी तपासणी: तीच चूक दुसऱ्यांदा

पहिली चूक वाचक माफ करतो; दुसऱ्या वेळी तो कारण नव्याने मागतो. धृतराष्ट्राच्या वराने सगळे परत मिळाल्यावर युधिष्ठिर पुन्हा खेळायला बसतो, हे अनुद्यूत वाचताना चीड शिगेला पोहोचते. पण तिथे काय बदलले आहे ते पाहावे. पहिल्या वेळी निदान जिंकण्याची आशा होती. दुसऱ्या वेळी हे विनाशकारी आहे हे जाणूनही वृद्धाचा शब्द आपल्याला मोडवत नाही, असे तो स्वतः म्हणतो. पणही वेगळा आहे: आता बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास. चूक तीच दिसली, तरी तिचे कारण आणि किंमत नवी आहे. शिवाय या दोषाचा धागा पुढे सुटत नाही. वनात बृहदश्व त्याला नलाची कथा सांगून अक्षविद्या देतो आणि विराटाच्या दरबारात हाच युधिष्ठिर कंक नावाने फासे खेळणारा सभासद होऊन राहतो.

सुलभेच्या खर्ड्यातही अशी दुसरी जागा होती. नोंदणीनंतर फेरफाराची नोटीस येते आणि हरकत घेण्यासाठी मुदत असते. खर्ड्यात ही पायरी गाळलेली होती. गावाकडची व्यवस्था जाणणाऱ्या वाचकाच्या ते लगेच लक्षात येते. आम्ही नोटीस आणली. ती टेबलावर राहते, मुदत सरते, सुलभा हरकत घेत नाही. पण आता कारण आई नाही, कारण आई तोवर वारलेली आहे. आता हरकत घेणे म्हणजे सहीच्या दिवशी आपण चुकलो हे मुलीसमोर मान्य करणे, आणि ते तिला जमत नाही. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा लहान दिसते, पण वाचकांना तीच अधिक जिव्हारी लागली.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

सर्वांत अवघड तपासणी अशी आहे: पात्राने शहाणा निर्णय घेतला असता तर कथा तिथेच संपली असती का, आणि तो मूर्ख निर्णय काढल्यावर त्या पात्राबद्दल सांगण्यासारखे काहीच उरत नाही का? दोन्हींची उत्तरे ‘हो’ आली तर बिघाड प्रसंगात नाही, कथानकाच्या उभारणीत आहे. भिंत वाकडी असताना नुसता गिलावा करण्यात अर्थ नसतो. अशा वेळी आणखी पेरणी करत बसू नये. लेखकाने हस्तलिखित बाजूला ठेवावे आणि अनुभवी संपादकासोबत प्रकरणवार आराखडा पुन्हा मांडावा, कारण स्वतःच्या कथेतली सोय स्वतःला दिसणे फार कठीण असते.

निर्णयाचे परिणाम कायद्यावर अवलंबून असतील तर वकिलाला दाखवणे अपरिहार्य आहे. सुलभेच्या खर्ड्यात शेवटी ती तलाठ्याकडे अर्ज देऊन हक्कसोडपत्र रद्द करून घेते. नोंदणीकृत दस्त असा रद्द होत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी रद्दलेख नोंदवावा लागतो किंवा दिवाणी न्यायालयात जावे लागते. हे वकिलांनी दाखवून दिल्यावर शेवट बदलला, आणि सहज परत फिरवता न येणारी सही म्हणून नवव्या प्रकरणाचे वजन वाढले. त्याचप्रमाणे, मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे परत जाणारी स्त्री किंवा व्यसनाकडे परत वळणारा माणूस अशा निर्णयांवर ‘असे कोण करते?’ हा आक्षेप आला, तर अशा लोकांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकाला खर्डा वाचायला द्यावा. तिथे बऱ्याचदा वर्तन खरे असते आणि वाचकाला त्याची ओळख नसते; मग त्या वर्तनाच्या आधीच्या कोणत्या पायऱ्या पानावर यायला हव्यात हे समुपदेशक सांगू शकतात.

आणि या सगळ्यानंतरही वाचक चिडलेला असेल, पण ‘अगं, नको करूस’ असे म्हणत पान उलटत असेल, तर दुरुस्ती थांबवावी. सुलभेच्या शेवटच्या खर्ड्यावर एका वाचकाने समासात लिहिले होते, ‘गट नंबर तरी कशाला सुधारलास बाई!’ त्या शेऱ्यानंतर आम्ही नवव्या प्रकरणाला हात लावला नाही.